अण्णांसाठी विचारतोय: ऑडिओ डिस्क्रिप्शन नक्की कसं चालतं आणि कोणत्या पिक्चरला ते चांगलं बसतं?

भुसावळचा_सागर
नमस्कार मंडळी. माझे अण्णा रेल्वेतून रिटायर झालेत, काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. माणूस पिक्चरचा भारी शौकीन, तरुणपणी ड्युटी संपली की डबा हातात घेऊन थेट शेवटच्या शोला जाणारा. आता टीव्ही लावला की मी बाजूला बसून सांगत राहतो, आता तो उठला, आता तिने पत्र फाडलं, आणि मी बोलतो नेमका तेव्हाच डायलॉग असतो, मग अण्णा चिडतात, "तू चूप बस रे, ते काय म्हटले ते ऐकू दे."
गेल्या आठवड्यात नेटफ्लिक्सवर भाषा बदलायला गेलो तर ऑडिओच्या यादीत Audio Description असं लिहिलेलं दिसलं. लावून पाहिलं. एक बाई मध्ये मध्ये सांगते काय चाललंय ते, पण डायलॉगवर एकदाही चढत नाही. अण्णा पंधरा मिनिटं हललेच नाहीत. मग म्हणाले, "हिला कसं कळतं भो कधी बोलायचं ते?" मला काही सांगता येईना. कोणाला माहिती असेल तर सांगा, आणि अण्णांसाठी कसले पिक्चर शोधू तेही सांगा.

केळीबाग_रावेर
सागरभाऊ आमच्या आजीला पण हाच त्रास आहे, तिला मी खाली अक्षरं येतात ती चालू करून दिली, मोठ्या साइजमध्ये. आता ती मालिका एकटी बघते. तुम्ही पण सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल चालू करा, फुकट आहे.

भुसावळचा_सागर
ताई आजींना ऐकू कमी येत असेल ना? अण्णांना ऐकू चांगलं येतं, दिसत नाही. अक्षरं कशी वाचतील.

केळीबाग_रावेर
अरे हो, मी उलटं वाचलं. आजीच्या कानाचंच डोक्यात होतं. पण धागा वाचत राहते, आता तिचा मोतीबिंदू पण वाढलाय.

तापीकाठ
सोपं आहे भो. क्रिकेटची रेडिओवरची कॉमेंट्री असते ना, तसंच. पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं सांगायचं, फक्त कोणी बोलत असलं की थांबायचं. म्हणून ज्या पिक्चरमध्ये डायलॉग कमी तो सगळ्यात बेस्ट, सांगायला भरपूर जागा. १९८७ चा पुष्पक घ्या, त्यात डायलॉगच नाहीत, त्याच्याइतका सोयीचा पिक्चर दुसरा नसेल.

शुभदा_जळगाव
मी जन्मापासून अंध आहे आणि गेली काही वर्षं वर्णनाच्या स्क्रिप्ट तपासून देते, म्हणजे डोळस लेखक लिहितो आणि मी ऐकून सांगते कुठं समजलं नाही. तापीकाठ, तुमचं अर्धं बरोबर आहे. बोलण्याच्या मधल्या जागेत बोलायचं हे खरं. पण "सगळं सांगायचं" हे नाही, आणि कॉमेंट्रीसारखं तर अजिबात नाही. कॉमेंट्री करणाऱ्याला पुढचा बॉल माहीत नसतो. वर्णन लिहिणाऱ्याने पिक्चर आधी पूर्ण पाहिलेला असतो, दोनदा-तीनदा. त्याला माहीत असतं की पहिल्या दहा मिनिटांत दिसलेली किल्ली शेवटी कामाला येणार आहे, म्हणून ती किल्ली तो सांगतो आणि भिंतीचा रंग सोडून देतो. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. त्या बाईला काही आपोआप कळत नाही, कोणीतरी सेकंद मोजून तिला लिहून दिलेलं असतं आणि ती ते वाचते.
बिनडायलॉगच्या पिक्चरचं म्हणाल तर तो आम्हाला सगळ्यात जड जातो. दोन तास एकच आवाज सांगत राहणार, पात्रांचे आवाजच नाहीत, मग कोण खोलीत आलं हे दर वेळी नावानिशी सांगावं लागतं. बोलपटात माणूस नुसता खोकला तरी मला कळतं की सासरे आले. वर्णन हा आधार आहे, सगळा भार त्याच्यावर टाकला की पिक्चर न राहता गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवल्यासारखं होतं. कोणाला तेही आवडतं, मी नाही म्हणत नाही, पण सोयीचं नव्हे.

तापीकाठ
हे डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे डायलॉग कमी पण नको आणि जास्त पण नको?

शुभदा_जळगाव
जास्त असले तरी चालतं पण वेगळ्या कारणाने. कोर्टातला किंवा चौघांच्या भांडणाचा पिक्चर असेल तर तो मला वर्णनाशिवायच ऐंशी टक्के समजतो, वर्णनाला जागा नसते आणि गरजही कमी. शाब्दिक विनोदाचंही तसंच. त्रास होतो तो धावत्या विनोदी पिक्चरला, जिथं बोलणं सतत चालू आणि हसू मात्र पडद्यावरच्या काहीतरी प्रकाराचं. बाकीचं थिएटर हसतं तेव्हा मी विचारते काय झालं, आणि सांगेपर्यंत पुढचं गेलेलं असतं. असल्या ठिकाणी चांगला लेखक घटनेच्या अर्धा सेकंद आधी सांगतो म्हणजे मी सगळ्यांबरोबर हसते. थोडं आधी सांगितलेलं चालतं, उशिरा सांगितलेलं मेलेलं असतं.

निलेश_धुळे
ताई तुमचं वाचून एक विचारायचं धाडस करतो. आम्ही चार-पाच जण अहिराणीत शॉर्ट फिल्म करतो आणि यूट्यूबला टाकतो. आमची एक आहे कापूस वेचणाऱ्या मायची, तिला हे वर्णन जोडावं असं मनात आहे, म्हणून एक सीन लिहून पाहिला. सीन सगळा छत्तीस सेकंदांचा. माय रात्री मजुरीचे पैसे डब्यात ठेवायला जाते. मी लिहिलं ते असं:
"एका मातीच्या घरात कंदिलाच्या मंद पिवळ्या उजेडात विटलेलं हिरवं लुगडं नेसलेली चाळिशीतली थकलेली माय चुलीपुढं बसली आहे, भिंतीवर देवाचा फोटो आणि जुनं कॅलेंडर आहे, ती आपल्या पदराची गाठ सोडून त्यातल्या चुरगळलेल्या नोटा मोजते आणि उठून फडताळातला पत्र्याचा गंजलेला डबा काढते, पण डबा रिकामा पाहून तिला मोठा धक्का बसतो."
वाचून पाहिलं तर सीनमध्ये डबा उघडून झाला तरी माझं चालूच. भरभर वाचलं तर बातम्यांसारखं वाटी राहिलं.

शुभदा_जळगाव
निलेशभाऊ, मला सीन दिसत नाही तर तुम्हीच सांगा. छत्तीस सेकंदांत कानाला काय काय येतं, कितव्या सेकंदाला, ते लिहा. आणि शेवटी कॅमेरा कशावर थांबतो?

निलेश_धुळे
सुरुवातीला सहा सेकंद नुसती रातकिड्यांची किरकिर. सहा ते दहा शेजारची काकू बाहेरून विचारते "पोऱ्या झोपना का वं?" आणि माय हो म्हणते. दहा ते सतरा फडताळ उघडणं. सतरा ते एकोणीस डब्याचं झाकण, टण्ण असा मोठा आवाज आहे. मग शांत. बावीसला ती वळून बघते आणि कॅमेरा भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीवर थांबतो, तिथं पोराचं दप्तर अडकवलेलं असायचं. एकोणतीसनंतर ती खाली बसते, तिचा श्वास ऐकू येतो आणि लांबून रेल्वेचा भोंगा.

शुभदा_जळगाव
बघा, म्हणजे सीनचा सगळा जीव त्या खुंटीत आहे आणि तुमच्या लिखाणात खुंटीच नाही! कॅलेंडर आहे, देवाचा फोटो आहे, गंज आहे. बोलायला जागा असते ती अशी धरा की मराठीत निवांत वाचलं तर सेकंदाला साधारण दोन शब्द. काही जण अडीचपर्यंत जातात पण मग ऐकणाऱ्याला धाप लागते. इंग्रजीत मिनिटाला एकशे साठच्या आसपास शब्द धरतात, पण आपले शब्द लांब असतात, "घातलेल्या" म्हणायला "पुट"पेक्षा दुप्पट वेळ लागतो, म्हणून तो हिशोब इकडे लावू नका.
आता पहिले सहा सेकंद म्हणजे बारा शब्द. मी असं लिहीन: "रात्र. माय चुलीपुढं बसून पदराची गाठ सोडते. आत घडी घातलेल्या नोटा." अकरा झाले. मग काकू बोलते, गप्प. दहाला: "ती फडताळातून पत्र्याचा डबा काढते." पाच शब्द, जागा चौदाची आहे पण भरायची नाही, फडताळाची कुरकुर ऐकू द्यायची. सतराला झाकण वाजतं तिथं तोंड बंद, तो आवाजच सगळं सांगतो. एकोणीसला फक्त "डबा रिकामा." बावीसला "ती वळून भिंतीकडं पाहते. खुंटीला दप्तर नाही." आणि मग शेवटपर्यंत काही नाही. तिचा श्वास आणि भोंगा माझ्या वाट्याला तेवढाच आला पाहिजे जेवढा डोळस माणसाच्या.
मोजा, सगळे मिळून पंचवीस शब्द. तुमचे पन्नासच्या आसपास होते.

निलेश_धुळे
ताई अंगावर काटा आला. पण एक शंका, बघणाऱ्याला खुंटी रिकामी दिसली की आठवतं की इथं दप्तर होतं. ऐकणाऱ्याला कसं आठवेल?

शुभदा_जळगाव
बरोबर जागी बोट ठेवलंत. आठवणार नाही. म्हणून आता मागं जा. पोरगा शाळेतून घरी येतो असा सीन आधी असेलच. त्यात "तो दप्तर खुंटीला अडकवतो" हे चार शब्द घालावेच लागतील, मग तिथं दुसरं काही सोडावं लागलं तरी चालेल. लेखक नवा असला की हेच चुकतं, सीन सुटा सुटा लिहितो आणि शेवटी येऊन रिकाम्या खुंटीवर आपटतो. मी तपासताना हेच बघते: एखादी वस्तू महत्त्वाच्या क्षणी पहिल्यांदाच ऐकू आली तर मागे कुठं तरी सुटलेली असते.
आणि "धक्का बसतो", "थकलेली" असले शब्द काढा. दिसतं ते सांगा. ती थकली हे मला तिच्या श्वासावरून कळू द्या.

तापीकाठ
यावर माझं मत वेगळं आहे ताई. माझे मामा साठीनंतर आंधळे झाले. त्यांना असं तुटक सांगितलं तर वैताग येतो. "पोरगा पैसे घेऊन पळाला" असं सरळ सांगितलं तर काय बिघडलं? म्हाताऱ्या माणसाने खुंटी आणि दप्तर कशाला जुळवत बसायचं.

शुभदा_जळगाव
कारण पिक्चरने ते सांगितलेलं नाही. बघणाऱ्याला पण अजून माहीत नाही की पैसे पोराने घेतले का बापाने, ते पुढच्या सीनला कळतं. मला आधी सांगितलं तर माझा पिक्चर वेगळा झाला. पण तुमच्या मामांचं खोटं नाही, या गोष्टीवर आमच्यातही वाद आहेत. "ती रागाने बघते" म्हणायचं की "तिच्या भुवया आकसतात"? मी जन्मांध, मला आकसलेल्या भुवयांचं काही सांगता येत नाही, "रागाने" म्हटलं तर लगेच कळतं. तिथं मी स्वतःच माझा नियम मोडायला सांगते. रंगाचंही तसंच, हिरवं लुगडं माझ्यासाठी चित्र नाही, पण पांढरं लुगडं म्हटलं की मला माहिती मिळते.

भुसावळचा_सागर
अण्णांना विचारलं. ते म्हणतात रंग पाहिजेच. त्यांना पन्नास वर्षांचे रंग आठवतात, हिरवं म्हटलं की आईचं लुगडं डोळ्यासमोर येतं. आणि हिरोईनने काय घातलंय हे कोणी सांगतच नाही अशी त्यांची तक्रार आहे.

शुभदा_जळगाव
अण्णांना नमस्कार सांगा. त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी एकच स्क्रिप्ट असते हीच खरी अडचण आहे, दोघांचं पूर्ण समाधान होईल असं मला अजून कुठं ऐकायला मिळालेलं नाही.

रेखा_अमळनेर
माझा प्रश्न साधा आहे. गाण्यांचं काय करतात? आपले पिक्चर म्हणजे अर्धी गाणी. गाण्यावर बोललेलं कोणाला आवडेल?

शुभदा_जळगाव
रेखाताई, गाण्याची जागा आपल्याकडे खरं तर चांगली सापडते. सुरुवातीचं वाजवणं आणि दोन कडव्यांच्या मधलं म्युझिक ही रिकामी जागा. मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा शब्द ऐकू द्यायचे, तो परत परत येतो तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्याच्यावर हळूच एखादी ओळ सांगितली तर काही हरवत नाही. नाचाच्या प्रत्येक स्टेपचं वर्णन नको. ते बर्फात आहेत का उसात, आणि गाण्याच्या आत काळ पुढं सरकतो का, म्हणजे लग्न झालं, मूल झालं, एवढं सांगायलाच पाहिजे, कारण आपल्याकडे गाण्यात पाच वर्षं उडून जातात.
मारामारीत उलट प्रकार. आवाजाने सगळं भरलेलं असतं, वर्णन दबून जातं. मिक्सिंग करणारा वर्णनाच्या वेळी पिक्चरचा आवाज खाली घेतो आणि नंतर परत चढवतो, पण स्फोटाचा आवाज खाली घेतला तर मजा जाते. म्हणून ठोशामागून ठोसा न सांगता कोण खाली पडला, कोणाच्या हातात सुरा आला एवढंच सांगतात. त्यामुळे सागरभाऊ, अण्णांसाठी सुरुवातीला मारधाड घेऊ नका. चार-पाच मुख्य पात्रं, प्रत्येकाचा आवाज वेगळा, गोष्ट घरात किंवा गावात घडणारी, आणि माणसं बोलून झाल्यावर थोडी गप्प बसणारी, असला पिक्चर घ्या. रहस्यकथाही छान बसते, पण लेखक चांगला पाहिजे, नाहीतर खुनी खोलीत शिरला की नावच सांगून टाकतो. पडद्यावर चेहरा दिसत नसेल तर "काळ्या कोटातला माणूस" असंच म्हणायचं.

निलेश_धुळे
आवाज खाली घ्यायचं कसं? आमच्याकडे साउंडवाला नाही.

शुभदा_जळगाव
ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, फुकट आहे. पिक्चरचा आवाज एका ट्रॅकवर, त्याच्या खाली वर्णन. मग वरच्या ट्रॅकला Auto Duck लावा, वर्णन सुरू झालं की तो आपोआप उतरतो. फक्त उतार एकदम ठेवू नका, रातकिडे अचानक मेल्यासारखे वाटतात, अर्ध्या सेकंदात हळू उतरू द्या. मग पूर्ण फिल्म वर्णनासकट वेगळी फाइल करून टाका, नावात तसं लिहा.

केळीबाग_रावेर
थिएटरमध्ये हे मिळतं का हो? आजीला जळगावला न्यायचं मनात आहे.

शुभदा_जळगाव
दोन पद्धती आहेत. एक, थिएटरच्या डिजिटल प्रिंटमध्येच वर्णनाचा वेगळा चॅनेल असतो आणि तो हेडफोनवर देतात, बाकी लोकांना ऐकू जात नाही. दुसरी, मोबाईल ॲप. पिक्चरचं वर्णन घरीच डाउनलोड करायचं, आणि शो सुरू झाला की मोबाईलचा माइक पडद्यावरचा आवाज ऐकून ओळखतो की पिक्चर कुठं आला आहे, तिथून वर्णन सुरू. उशिरा गेलात तरी जुळतं. एकाच कानात इअरफोन घालायचा, दुसरा कान पिक्चरला. माइकची परवानगी दिली नसेल तर जुळत नाही, आणि वर्णन एका भाषेच्या आवृत्तीचं आणि शो डब केलेल्या भाषेचा असला तरी गडबड होते.
हेडफोनची माझी एक फसगत सांगते. एका मोठ्या शहरातल्या थिएटरात मागितला, पोराने आणून दिला. अर्धा तास मी वाट बघतेय, नुसता पिक्चरचाच आवाज मोठा होऊन कानात येतोय, सांगणारं कोणीच नाही. नंतर कळलं की तो ऐकू कमी येणाऱ्यांसाठीचा चॅनेल होता. तर आधी जाहिराती संपल्यावर पहिल्या शांत सीनमध्येच तपासा, कोणी सांगत नसेल आणि नुसतं मोठ्याने येत असेल तर लगेच उठून बदलून घ्या.

तापीकाठ
पण यासाठी कायदा आहे ना? सरकारने सक्ती केली असं वाचलं होतं, म्हणजे आता सगळीकडे असेल.

शुभदा_जळगाव
अपंगत्व हक्क कायदा २०१६ चा, त्यात वर्णनाचं नाव घेऊन उल्लेख आहे. आपल्याकडे त्याच्या आधीच, २००५ मध्ये, दिल्लीच्या सक्षम संस्थेने ब्लॅक या पिक्चरला हिंदीत वर्णन जोडलं होतं. मग जानेवारी २०२३ मध्ये पठाणच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने ओटीटीवर येण्याआधी वर्णन आणि सबटायटल तयार करायला सांगितलं. त्यानंतर १५ मार्च २०२४ ला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एकापेक्षा जास्त भाषांत सर्टिफिकेट घेणाऱ्या पिक्चरला सहा महिन्यांची मुदत दिली होती, बाकीच्यांना दोन वर्षांची. पण पिक्चरला वर्णन असणं वेगळं आणि तुमच्या गावच्या थिएटरात चार्ज केलेला हेडफोन असणं वेगळं. म्हणून तिकीट काढण्याआधी फोन करून दोन्ही विचारा.

निलेश_धुळे
मंडळी, फाइल तयार झाली. दप्तर खुंटीला अडकवतो ते चार शब्द मागच्या सीनमध्ये घातले, त्यासाठी शाळेच्या गणवेशाचं वाक्य काढलं. सागरभाऊ, तुम्हाला मेसेजमध्ये लिंक पाठवलीय, अण्णांना ऐकवा.

भुसावळचा_सागर
काल रात्री ऐकवलं. जेवण झाल्यावर लाइट बंद करून आम्ही दोघंही नुसते ऐकत बसलो, मी पण पडद्याकडे पाहिलं नाही. "खुंटीला दप्तर नाही" आलं आणि अण्णा हळूच म्हणाले, "गया रे पोऱ्या." मग भोंगा वाजला तर म्हणे हा मालगाडीचा आहे, पोरगा हिच्यात बसून कुठं जाणार, पॅसेंजरचा लावा. निलेशभाऊ ते तुमचं तुम्ही बघा.
एक तक्रार आहे. पिक्चर अहिराणीत आणि सांगणारी बाई पुण्याच्या बातम्यांसारखी बोलते, अण्णांना ते खटकलं. म्हणाले आपल्या घरात परकं माणूस येऊन बसल्यासारखं वाटतं.

निलेश_धुळे
ती माझी वहिनी आहे, तिला मीच सांगितलं होतं शुद्ध बोल म्हणून. शुभदाताई, वर्णन अहिराणीत करू का? पण मग पुण्या-मुंबईच्या ऐकणाऱ्याला कळेल का?

शुभदा_जळगाव
त्याला डायलॉग अहिराणीतले कळणार असतील तर वर्णनही कळेल. डायलॉग कळणार नसतील तर त्याचं भाषांतर वाचून दाखवावं लागेल आणि मग छत्तीस सेकंद पुरणार नाहीत, ते वेगळंच काम होईल. आधी अहिराणीत एक करा. फक्त शब्द परत मोजा, "काढते"चं "काढी ऱ्हायनी" झालं की प्रत्येक वाक्य लांबतं. दहाव्या सेकंदाची मोकळी जागा आहे ती वापरा, पण झाकणाच्या टण्णच्या आधी संपलं पाहिजे.

रेखा_अमळनेर
मी वाचून देऊ का? माझं माहेर शिरपूरचं, अहिराणी घरातली आहे.

निलेश_धुळे
मावशी उद्याच या. आणि सागरभाऊ, अण्णांना विचारा पॅसेंजरचा भोंगा किती लांब वाजवायचा.